नवी आवृत्ती थोड्या फोनांवर सोडणे आणि क्रॅश वाढताच थांबवणे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं अँड्रॉइड ॲप आहे असं धरू. गावातला केंद्रचालक किंवा शेतकरी स्वतः त्यात कापसाची काटापावती नोंदवतो, दिवसाचा भाव बघतो, चुकारा आला की नाही ते तपासतो. शेतात रेंज नसते, म्हणून पावती आधी फोनमध्येच साठते आणि रेंज मिळाली की सर्व्हरवर चढते. ॲप 12,000 फोनांवर आहे आणि हंगामात रोज साधारण 8,000 फोनांवर उघडलं जातं. चालू आवृत्ती 41 आहे आणि आता 42 सोडायची आहे.

गूगल प्लेवर अपडेट आधी काही टक्के वापरकर्त्यांनाच देता येतं. ही सोय फक्त अपडेटसाठी आहे. ॲप पहिल्यांदा प्रकाशित करताना ती मिळत नाही. बटण कुठे आहे हे पाच मिनिटांत कळतं. अवघड भाग वेगळा आहे: थोड्या फोनांवरून आलेला थोडा आकडा वाचून पुढे जायचं की थांबायचं हे ठरवणं. खेड्यातल्या फोनांच्या बाबतीत तो आकडा शहरातल्यापेक्षा जास्त फसवतो. या लेखाचा बहुतेक भाग त्यावरच आहे.

सोडण्याआधी

जुन्या आवृत्तीचा क्रॅश-दर आधी लिहून ठेवा. दिवसभरात ॲप उघडणाऱ्या शंभर जणांपैकी किती जणांचं ॲप किमान एकदा बंद पडतं, हा तो दर. आपल्या उदाहरणात आवृत्ती 41 साठी तो 0.4% आहे, म्हणजे हजारात चार जण. हा आकडा हाताशी नसेल तर 42 चे क्रॅश जास्त आहेत की नेहमीचेच, हे सांगता येणार नाही. क्रॅश कितीदा झाला ते मोजू नका, किती माणसांना झाला ते मोजा. ॲप उघडताच बंद पडत असेल तर एकच माणूस दहा वेळा उघडून बघतो. त्या दहा नोंदी दहा माणसांच्या नसतात.

दुसरं काम म्हणजे फोनांवर आज कोणकोणत्या आवृत्त्या आहेत याची यादी. यासाठी ॲपने सर्व्हरला जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत आपला आवृत्ती क्रमांक पाठवायला हवा. ही सोय नसेल तर 42 सोडण्याआधी ती करून घ्या, पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे. खेड्यातल्या ॲपची यादी काढली की लांब शेपटी दिसते. आपल्या उदाहरणात बहुतेक फोन 40 आणि 41 वर आहेत, पण 700 फोन अजून 37 किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर आहेत.

त्यामागचं कारण साधं आहे. प्ले स्टोअर आपोआप अपडेट करतं ते शक्यतो फोन वाय-फायवर असताना, चार्जिंगला लावलेला असताना आणि कुणी वापरत नसताना. घाटंजी किंवा आर्णीच्या आसपासच्या खेड्यात घरी वाय-फाय नसतं. मोबाइल डेटा रोजच्या पॅकपुरताच असतो आणि साठवणीची जागा व्हिडिओ-फोटोंनी भरलेली असते. असा फोन महिनोन्‌महिने अपडेट होत नाही. मग एखाद्या दिवशी तालुक्याला शिकणाऱ्या मुलाच्या खोलीवर वाय-फायला लागतो आणि तीन-चार आवृत्त्या ओलांडून थेट नव्यावर येतो. ही उडी लक्षात ठेवा.

तिसरं काम: थांबण्याचा नियम सोडण्याआधीच लिहा आणि बटण कोण दाबणार त्याचं नाव त्यासमोर टाका. मेहनत करून आवृत्ती सोडल्यावर, आकडा वाढताना दिसला तरी, "अजून एक दिवस बघू" असं प्रत्येकालाच वाटतं. नियमात काय लिहायचं ते पुढे येईलच. आवृत्ती सोडायचा दिवस सोमवार किंवा मंगळवार ठेवा, म्हणजे पुढचे तीन-चार दिवस लक्ष द्यायला माणसं असतील. दिवाळीनंतर कापसाची आवक जोरात असते, तेव्हा ज्याच्यावाचून अडलंय तेवढंच सोडावं.

पाच टक्के

प्ले कन्सोलमध्ये Production ट्रॅकवर नवी रिलीज तयार करून टक्केवारीच्या चौकटीत 5 लिहा. या 5% मध्ये कोण येणार हे गूगल यादृच्छिक निवडतं. देश निवडता येतो, जिल्हा निवडता येत नाही. त्यामुळे "आधी फक्त पांढरकवड्याच्या केंद्रांना देऊ" असं इथे जमत नाही. ते हवं असेल तर Closed testing चा ट्रॅक वापरा आणि वीस-तीस केंद्रचालकांचे जीमेल पत्ते त्या यादीत घाला. माझ्या मते खेड्यातल्या ॲपसाठी ही पायरी टाळूच नये. कमी रॅमचे, जागा भरलेले, जुने फोन तुमच्या टेबलावर नसतात. ते या यादीत मिळतात.

12,000 चे 5% म्हणजे 600 फोन. पण हे 600 फोन अपडेट मिळण्यास पात्र झालेले आहेत, अपडेट झालेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सर्व्हरची नोंद बघितली तर 42 चालवणारे जेमतेम 150 सापडतील. पाचव्या दिवसापर्यंत समजा 340 वेगवेगळ्या फोनांनी 42 उघडली. क्रॅश-दर काढताना भागायचं ते या संख्येने. 600 ने किंवा 12,000 ने भागलंत तर दर खोटा कमी दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

म्हणून "48 तास काही झालं नाही, पुढे चला" हा शहरी नियम इथे लागू करू नका. वेळ मोजण्याऐवजी फोन मोजा. मी 300 वेगवेगळे फोन धरतो, आणि त्यामागे हिशेब आहे. एखादा बिघाड खरोखर 1% फोनांवर होत असेल, तर 300 फोनांत तो एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे 5% उरते. 150 फोनांत एकही क्रॅश दिसला नाही, तर त्यातून खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर 2% च्या आत असावा. 2% दराने बारा हजारांत 240 शेतकऱ्यांच्या पावत्या अडकतील.

थांबण्याचा आकडा कसा ठरवायचा

रोज संध्याकाळी एकच हिशेब करा. आज 42 किती फोनांवर उघडली ती संख्या घ्या आणि तिला जुन्या दराने गुणा. आज 260 फोनांवर उघडली असेल तर 260 गुणिले 0.4%, म्हणजे साधारण 1. बिघाड नसतानाही आज एका माणसाचं ॲप बंद पडणार, ही अपेक्षा. आता प्रत्यक्षात किती जणांचं बंद पडलं ते बघा.

एकाच्या जागी दोन किंवा तीन आले तर तो योगायोग असू शकतो. चार आले तर थांबा. अपेक्षा 2 असेल तर थांबण्याचा आकडा 6, आणि अपेक्षा 4 असेल तर 9. नवी आवृत्ती जुन्याइतकीच चांगली असतानाही या आकड्यांपर्यंत पोचणं साधारण पन्नास दिवसांत एकदाच घडतं. म्हणजे क्वचित विनाकारणही थांबाल. थांबून तपासलं आणि काही सापडलं नाही तर एक दिवस जातो. न थांबता पुढे गेलात तर जे जातं ते परत आणता येत नाही, म्हणून हा सौदा मला मान्य आहे.

या हिशेबाच्या जोडीला आणखी एक नियम ठेवा: आधीच्या आवृत्तीत कधीच न दिसलेला एकच क्रॅश तीन वेगवेगळ्या फोनांवर आला, तर एकूण आकडा कितीही कमी असो, थांबा. तीन अनोळखी फोन एकाच ओळीवर पडत असतील तर ती ओळ नव्या आवृत्तीत चुकली आहे.

गूगलची स्वतःची मर्यादाही माहीत असावी. अँड्रॉइड व्हायटल्समध्ये वापरकर्त्याला जाणवणाऱ्या क्रॅशचा दर 1.09% च्या वर गेला तर ॲप खराब वर्तणुकीचं मानलं जातं आणि स्टोअरवर कमी दाखवलं जाऊ शकतं. काही जण हीच रेषा थांबण्यासाठी वापरतात. ते चुकीचं आहे. ती रेषा 28 दिवसांच्या सरासरीवर आणि सगळ्या आवृत्त्या मिळून बघितली जाते. पाच टक्क्यांतला बिघाड त्या सरासरीत पार विरघळून जातो.

वीस टक्क्यांवर काय दिसलं

उदाहरण पुढे नेऊ. पाच दिवसांत 340 फोन झाले, क्रॅश रोज शून्य किंवा एक, ओळखीचेच. टक्का 20 वर नेला. चौथ्या दिवशी 42 एका दिवसात 900 फोनांवर उघडली. अपेक्षा 900 गुणिले 0.4%, म्हणजे 3.6, चारच धरू. क्रॅशचे अहवाल गोळा करणाऱ्या फायरबेसच्या क्रॅशलिटिक्समध्ये आवृत्ती 42 ची गाळणी लावून बघितलं तर 9 माणसं. दर बरोबर 1%, म्हणजे गूगलच्या 1.09% च्या आत. पण आपल्या नियमाने थांबण्याचा आकडा गाठला गेला. नऊपैकी सहा जणांचा क्रॅश एकच आणि नवा, आणि त्या सहा जणांच्या मिळून 41 नोंदी. म्हणजे ॲप उघडताच बंद पडतंय आणि माणसं पुन्हा पुन्हा उघडून बघताहेत. ओळ अशी:

```
java.lang.IllegalStateException: A migration from 5 to 7
was required but not found.
```

ॲप पावत्या फोनमध्ये Room या अँड्रॉइड लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. त्या डेटाबेसच्या रचनेलाही क्रमांक असतो. ॲपच्या आवृत्ती 37 मध्ये रचना 5 होती, 40 मध्ये 6 झाली आणि 42 मध्ये 7. रचना 6 वरून 7 वर नेणारा कोड 42 मध्ये आहे. 5 वरून 6 वर नेणारा कोड 40 मध्ये होता, पण 42 ची साफसफाई करताना "आता सगळे 6 वर आले असतील" असं समजून तो काढला गेला. त्यामुळे 40 किंवा 41 वरून आलेला फोन व्यवस्थित चालतो. 37 वरून उडी मारून आलेल्या फोनला वाट सापडत नाही आणि ॲप उघडतानाच बंद पडतं.

मग पाच टक्क्यांत हे का दिसलं नाही? अपडेट लवकर घेणारे फोन वाय-फायवाले असतात, आणि तेच फोन मागचं अपडेटही वेळेवर घेतात. पहिल्या 340 मध्ये 37 वरून आलेला फोन नव्हताच. मागे राहिलेले फोन नव्या आवृत्तीवरही मागूनच पोचतात. यादृच्छिक निवड पात्रतेपुरतीच असते. कोण आधी पोचतं हे नेटवर्क ठरवतं. म्हणून नुसत्या 300 फोनांवर समाधान मानू नका. त्यांत जुन्या आवृत्तीवरून आलेले किती, हे सर्व्हरच्या नोंदीतून बघा. पन्नाससुद्धा नसतील तर टक्का वाढवण्याआधी त्या वाटेची चाचणी तुम्ही स्वतः करा:

```
adb install app-v37.apk
adb install -r app-v42.apk
```

पहिली आज्ञा दिल्यावर ॲप उघडून दोन-तीन पावत्या नोंदवा, फोन विमान मोडवर ठेवून, म्हणजे त्या सर्व्हरवर चढणार नाहीत. मग दुसरी आज्ञा द्या आणि पावत्या जागेवर आहेत का ते बघा. दोन्ही फाइलींवर एकाच किल्लीची सही असावी लागते, नाहीतर दुसरी बसणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हरच्या यादीत ज्या ज्या जुन्या आवृत्त्या शंभरच्या वर फोनांवर दिसतात, त्या प्रत्येकीवरून हे करावं.

जे आकड्यांत येत नाहीत

सहा हा आकडाही पूर्ण नाही. ॲप बंद पडलं की क्रॅशलिटिक्स अहवाल फोनमध्ये साठवतं आणि तो साधारणपणे पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर, नेट असेल तर, पाठवतं. एकदा बंद पडल्यावर ज्याने पुन्हा उघडलंच नाही किंवा ज्याच्याकडे तेव्हा रेंज नव्हती, तो तुमच्या नऊमध्ये नाही. असा फोन सर्व्हरला विनंतीही करू शकत नाही, म्हणून तो 900 मध्येही नाही. तो गप्प होतो.

गप्प झालेले शोधायला दोन वाटा आहेत. पहिली सर्व्हरवरच आहे: मागच्या आठवड्यात रोज दिसणारे पण गेल्या दोन दिवसांत न दिसलेले फोन काढा आणि ही संख्या आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. दुसरी वाट केंद्रचालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. "भाऊ, पावती टाकाले गेलो त ॲप उघडूनच नाही रायलं जी, लगेच बंद पडते" असा एक आवाजी निरोप आला तर तो एक क्रॅश म्हणून वहीत लिहा, फोनचं मॉडेल आणि गाव विचारून. असे दोन निरोप वेगवेगळ्या गावांतून आले, तर मी क्रॅशलिटिक्सची वाट न बघता थांबवेन.

थांबवणे

प्ले कन्सोलमध्ये Production ट्रॅकवरच्या त्या रिलीजवर Manage rollout आणि मग Halt rollout. त्यानंतर नव्या कुणाला 42 मिळत नाही. नव्याने ॲप घेणाऱ्याला 41 मिळते. पण ज्यांच्या फोनवर 42 पोचली, त्यांच्याकडे ती राहते. थांबवणं म्हणजे नळ बंद करणं आहे. सांडलेलं पाणी वेगळं पुसावं लागतं.

बटण आधी दाबा, कारण नंतर शोधा. कारण सापडायला दोन तास लागतील की दोन दिवस, माहीत नसतं. काही सापडलं नाही तर तीच रिलीज पुन्हा चालू करता येते.

बटण दाबल्यावर लगेच ग्रुपवर निरोप टाका, आणि त्यात एक वाक्य ठळक हवं: ॲप काढून टाकू नका आणि डेटा क्लिअर करू नका. ॲप बंद पडलं की गावातला जाणकार पोरगा हेच दोन उपाय करतो. पण न चढलेल्या पावत्या त्या फोनमध्येच आहेत. वाट न सापडल्याने ॲप बंद पडलं तरी डेटाबेसची फाइल जशीच्या तशी असते. ॲप काढलं की ती गेली, आणि तिच्यासोबत तीन क्विंटल कापसाची नोंद गेली.

काही जण नवं वैशिष्ट्य दुरून बंद करायला फायरबेसचं रिमोट कॉन्फिग ठेवतात. नव्या पडद्यावर किंवा नव्या बटणावर क्रॅश होत असेल तर ते कामाला येतं, पण ते एरवी 12 तासांतून एकदाच नवी मूल्यं आणतं आणि रेंज नसेल तर तेही नाही. ॲप उघडतानाच पडत असेल तर मूल्य आणण्याइतका वेळच मिळत नाही. आपल्या उदाहरणात त्याचा उपयोग शून्य.

मागे जायचं नाही, पुढे जायचं

इथे सगळ्यांना सुचतं ते म्हणजे 41 परत देऊन टाकू. प्ले स्टोअर कमी versionCode असलेली फाइल वरच्यावर बसवत नाही. म्हणून लोक 41 चाच कोड 43 क्रमांक देऊन सोडतात. आपल्या बाबतीत त्याने घात होईल. 42 नीट चालणाऱ्या शेकडो फोनांचा डेटाबेस रचना 7 वर गेला आहे आणि 41 च्या कोडला 6 पर्यंतच कळतं. ते सगळे फोन 7 वरून 6 ची वाट न सापडून बंद पडतील. सहा आजारी फोनांसाठी शेकडो धडधाकट फोन आजारी पडतील. नव्या आवृत्तीने फोनमधल्या डेटाची रचना बदलली असेल तर जुना कोड परत देऊ नये.

क्रॅशच्या संदेशातच पुढे एक दुसरा उपाय सुचवलेला असतो, `fallbackToDestructiveMigration`. तो लावला की क्रॅश थांबतो, कारण वाट नसेल तिथे डेटाबेस रिकामा करून नव्याने बनवला जातो. क्रॅश-दराचा आलेख सुंदर दिसेल आणि पावत्या नाहीशा होतील. जो डेटा सर्व्हरवरून पुन्हा आणता येतो, त्याच ठिकाणी हा उपाय चालतो. भावाच्या यादीला चालेल, काटापावतीला नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे काढलेला तुकडा परत ठेवणं:

```kotlin
Room.databaseBuilder(context, PavtiDb::class.java, "pavti.db")
    .addMigrations(MIGRATION_5_6, MIGRATION_6_7)
    .build()
```

Room 5 वरून 6 आणि 6 वरून 7 अशी साखळी स्वतः जोडतं. ही आवृत्ती 43. सोडण्याआधी तीन वाटा तपासा: 37 वरून 43, 41 वरून 43, आणि जिथे 42 बंद पडते त्या फोनवर थेट 43. तिसरी वाट लोक विसरतात, आणि अडकलेले शेतकरी नेमके तिथेच आहेत. मग 43 आधी Closed testing मधल्या केंद्रचालकांना द्या. गूगलच्या तपासणीला काही तास किंवा काही दिवस लागू शकतात, हे धरूनच ग्रुपवर वेळ सांगा.

43 ला पुन्हा 5% वर आठवडाभर ठेवू नका. बदल छोटा आणि तपासलेला आहे, आणि तिकडे काही जणांचं ॲप उघडतच नाही. मी 20% ने सुरू करतो, एक दिवस तोच संध्याकाळचा हिशेब करतो आणि मग 50% व 100% करतो. अडकलेल्यांना फोन करून प्ले स्टोअरमधून हाताने अपडेट करायला सांगायचं ते 100% झाल्यावर, कारण तोवर त्यांना अपडेट दिसेलच असं नाही.

आयफोनवर हे वेगळं चालतं. तिथे टक्के तुम्ही ठरवत नाही. सात दिवसांत 1, 2, 5, 10, 20, 50 आणि 100 असे ठरलेले टप्पे असतात, एकूण 30 दिवसांपर्यंत थांबवता येतं, आणि थांबवलं तरी कुणीही ॲप स्टोअरमध्ये जाऊन हाताने ते अपडेट घेऊ शकतो.

43 पूर्ण सुटल्यावर दोन गोष्टी उरतात. ज्या सहा फोनांचे अहवाल आले आणि ज्यांचे निरोप वहीत आहेत, त्यांच्या अडकलेल्या पावत्या सर्व्हरवर चढल्या का हे एकेक करून बघा. क्रॅश थांबला म्हणजे पावती पोचली असं नाही. आणि `MIGRATION_5_6` च्या वर कोडमध्ये टिपण लिहून ठेवा की रचना 5 चा एकही फोन सर्व्हरच्या नोंदीत पूर्ण हंगामभर, म्हणजे वेचणी सुरू झाल्यापासून खरेदी संपेपर्यंत, दिसला नाही तरच हा तुकडा काढायचा.